ताप उतरला, पण रुग्ण सुधारला का?

सरकारी रुग्णालयातल्या मेडिसिन वॉर्डात सकाळचा राऊंड सुरू झाला की युनिटप्रमुख, लेक्चरर, रेसिडेंट आणि सिस्टर असा सगळा ताफा एकेका खाटेपाशी थांबतो. वॉर्ड भरलेला असला तर एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच मिनिटं येतात. एमबीबीएसनंतर वर्षभराची इंटर्नशिप करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तेवढ्यात केस मांडायची असते. त्या रुग्णाचं आज काय करायचं, हे बऱ्याच अंशी त्या मांडणीवर ठरतं. म्हणून ती कशी करावी, हे एका नमुना केसवरून पाहू.

पावसाळ्याचे दिवस आहेत. 28 वर्षांचा, साठ किलो वजनाचा एक बांधकाम मजूर डेंग्यूने दाखल झाला आहे. इंटर्न सांगतो, “सर, डेंग्यू पॉझिटिव्ह. प्लेटलेट बेचाळीस हजार. ताप नाही, रुग्ण बरा आहे. बीपी शंभर बाय ऐंशी. थोडं पोट दुखतंय.” यातला एकही आकडा खोटा नाही. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी राहतात. एक, प्लेटलेट कमी झाल्या आणि दुसरी, ताप गेला. मग चर्चा प्लेटलेट द्यायच्या की नाहीत, याच्यावर घसरते आणि खरा धोका तसाच मागे राहतो.

डेंग्यूतला हा धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास येतो. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांसाठी, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपू लागतो. उरलेलं रक्त दाट होतं, नाडी जलद होते आणि वरच्या व खालच्या बीपीतलं अंतर आक्रसतं. हे अंतर वीस किंवा त्याहून कमी झालं, तर वरचा आकडा शंभर दिसत असला तरी रुग्ण शॉकमध्ये गेलेला असू शकतो. म्हणूनच “ताप नाही” हे वाक्य डेंग्यूत एकट्याने काहीच सांगत नाही. ताप कधी उतरला आणि त्यानंतर काय बदललं, हेही सांगावं लागतं.

आता तीच केस नीट मांडली तर कशी ऐकू येईल? “सर, 28 वर्षांचा पुरुष, डेंग्यू, तापाचा आज पाचवा दिवस. काल रात्री दहापासून ताप नाही, पण तेव्हापासून तब्येत बिघडते आहे. रात्रीत तीन उलट्या झाल्या, पोट सतत दुखतंय, मध्यरात्रीनंतर लघवी एकदाच झाली. हात गार लागतात. नाडी काल शहाण्णव होती, आज एकशे बारा. बीपी काल एकशे सोळा बाय शहात्तर, आज शंभर बाय ऐंशी, म्हणजे अंतर चाळीसवरून वीसवर आलंय. पीसीव्ही अडतीसवरून शेहेचाळीस झालाय. प्लेटलेट नव्वद हजारांवरून बेचाळीस हजारांवर आल्या, रक्तस्राव कुठेही नाही. मला वाटतं, प्लाझ्मा गळतोय आणि शॉकची सुरुवात आहे. वजन साठ किलो आहे.”

हे सगळं मिनिटभरात सांगून होतं. पहिल्या वाक्यात रुग्ण कोण, आजार कोणता आणि कितवा दिवस हे आलं. दुसऱ्या वाक्यात आज काळजी कशाची आहे ते आलं. हे आधी कळलं की पुढचा प्रत्येक आकडा कशासाठी ऐकायचा, हे वरिष्ठांना ठाऊक असतं. त्यानंतर रुग्णाची तक्रार, मग तपासणी, मग रिपोर्ट आणि शेवटी इंटर्नचं स्वतःचं मत, हा क्रम राहिला. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी 1960च्या दशकात केसपेपर लिहिण्याची जी पद्धत मांडली, तिचाही क्रम हाच आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं काम केलं ते कालच्या आकड्यांनी. पीसीव्ही शेहेचाळीस हा तरुण पुरुषात एरवी कुणाच्या नजरेतही भरणार नाही. पण अडतीसवरून शेहेचाळीस म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक वाढ आणि ती गळतीची खूण आहे. वजनाचाही उपयोग लगेच होतो. अशा सुरुवातीच्या शॉकमध्ये पहिल्या तासाला किलोमागे पाच ते दहा मिलीलीटर सलाईन देतात. साठ किलोला ते तीनशे ते सहाशे मिलीलीटर होतं. त्यानंतर नाडी, बीपी, लघवी आणि पीसीव्ही पुन्हा पाहून वेग ठरवतात, कारण सलाईन गरजेपेक्षा जास्त गेलं तर छातीत पाणी साठून श्वास अडतो. रक्तस्राव नसताना बेचाळीस हजारांवर प्लेटलेट देण्याची गरज सहसा नसते. मांडणी बदलली आणि निर्णयही बदलला.

मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा राऊंडच्या आधीच. चार्टवरची बीपी पहाटेची असते आणि इंटर्न ती आत्ताची म्हणून वाचून दाखवतो. तिच्यानंतर तीन तासांत रुग्ण कुठल्या कुठे गेलेला असतो. त्यामुळे आकड्यासोबत वेळ सांगावी आणि राऊंडआधी नाडी-बीपी स्वतः पाहावी. लघवीबद्दल विचारलं नसेल तर “विचारलं नाही, आत्ता विचारतो” असं सरळ सांगावं. अंदाजाने दिलेलं “नॉर्मल आहे” हे उत्तर पुढच्या सगळ्या निर्णयांत शिरतं. आणि या मजुरासारखी लक्षणं सकाळी सात वाजता दिसली तर राऊंडची वाट पाहूच नये. रेसिडेंटला तिथूनच फोन करावा. राऊंडवर मग काय सुरू केलं आणि त्याने काय फरक पडला, एवढंच सांगायचं उरतं.

फिजिओथेरपीच्या इंटर्नचंही असंच आहे. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या आजींबद्दल “चालवणं सुरू आहे, पाय थोडा सुजलाय” एवढं सांगून भागत नाही. “ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. काल वॉकर घेऊन एकाच्या आधाराने दहा पावलं चालल्या. आज उभं राहताच धाप लागली आणि ऑक्सिजन शहाण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला. डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने जास्त आहे आणि दाबलं की दुखतं. पायात गुठळी होऊन फुप्फुसात गेली असावी, अशी शंका आहे. मी चालवणं थांबवलंय आणि रेसिडेंटना लगेच कळवलंय,” हे ऐकल्यावर तपासणीला उशीर होत नाही. पोटरी दोन्ही पायांवर एकाच उंचीवर मोजलेली असावी, नाहीतर तो फरक मोजण्याच्या चुकीतूनही येतो. रुग्णाला चालवताना काय होतं, हे बहुधा फिजिओथेरपिस्टच पाहतो, म्हणून ही माहिती दुसऱ्या कुणाकडून येण्याची शक्यता कमी.

खाटेशेजारी बसणाऱ्या नातेवाइकांनाही यात वाटा उचलता येतो. ताप नेमका कधी उतरला, रात्रीत उलट्या किती झाल्या, लघवी शेवटची कधी झाली, हे एका कागदावर वेळेसह लिहून ठेवा आणि सकाळी इंटर्न येईल तेव्हा त्याच्या हातात द्या. ताप उतरल्यावर पोटदुखी, उलट्या किंवा सुस्ती वाढली, तर राऊंड होईपर्यंत थांबू नका, सिस्टरना लगेच सांगा.