परिच्छेद आटोपशीर करायचा, पण माहिती सोडायची नाही

शाळेच्या निबंधात एकेक वाक्य पाच-सहा ओळी चालते. ‘लहान कर’ म्हटले की मुले निम्मा मजकूर खोडतात आणि त्याबरोबर माहितीही जाते. रायपूरच्या पंडरी भागावर नमुन्यादाखल लिहिलेला एक परिच्छेद घेऊन यामागचे गैरसमज तपासू.

‘आमच्या रायपूर शहरामध्ये पंडरी या नावाचा एक भाग आहे आणि या पंडरी भागामध्ये कपड्यांचा एक मोठा बाजार असून हा बाजार प्रामुख्याने घाऊक व्यापाराचा असला तरीसुद्धा त्या ठिकाणी किरकोळ खरेदी करण्यासाठीसुद्धा लोक येत असतात आणि पूर्वीच्या काळी याच पंडरी भागामध्ये शहराचे बसस्थानक असल्यामुळे बाहेरगावच्या दुकानदारांना बसमधून उतरून थेट बाजारात जाता येत असे, परंतु आता ते बसस्थानक भाठागाव या ठिकाणी हलवण्यात आलेले आहे.’

हे एकच वाक्य 61 शब्दांचे आहे.

गैरसमज : लहान करणे म्हणजे सारांश लिहिणे.

वस्तुस्थिती : सारांशात मुख्य मुद्दा ठेवून तपशील सोडता येतात. इथे ती मुभा नाही. म्हणून खोडण्याआधी वाक्यात किती गोष्टी सांगितल्या आहेत, ते समासात मांडून घ्यावे. या परिच्छेदात त्या सात आहेत : पंडरी आमच्या रायपुरात आहे, तिथे कपड्यांचा मोठा बाजार आहे, तो प्रामुख्याने घाऊक आहे, किरकोळ खरेदीलाही लोक येतात, पूर्वी शहराचे बसस्थानक तिथेच होते, त्यामुळे बाहेरगावच्या दुकानदारांना थेट बाजारात जाता येई, आता बसस्थानक भाठागावला गेले आहे. शेवटी मजकूर याच यादीशी ताडून पाहायचा.

गैरसमज : विशेषणे आणि जोडशब्द काढले की काम झाले.

वस्तुस्थिती : ‘प्रामुख्याने’ हा शब्द भरताड वाटतो, पण तो काढला तर बाजार फक्त घाऊक ठरतो आणि किरकोळ खरेदीचे पुढचे विधान त्याला छेद देते. ‘पूर्वी’ काढले तर बसस्थानक अजून पंडरीतच असल्यासारखे वाटते. ‘आमच्या’ या शब्दावरून लिहिणारा रायपूरचा आहे, हे कळते.

खरा पसारा प्रत्ययांच्या जागी वापरलेल्या शब्दांत असतो. ‘भाठागाव या ठिकाणी’ऐवजी ‘भाठागावला’, ‘खरेदी करण्यासाठीसुद्धा’ऐवजी ‘खरेदीलाही’, ‘हलवण्यात आलेले आहे’ऐवजी ‘हलवले आहे’ असे लिहिले, तर माहिती तीच राहते. ‘पंडरी’ हे नाव तीनदा आले आहे, दोनदा पुरते.

गैरसमज : ‘आणि’, ‘असून’ दिसेल तिथे पूर्णविराम द्यावा.

वस्तुस्थिती : ‘आणि’ बहुधा तोडता येतो. ‘असल्यामुळे’ मात्र कारण सांगतो. ‘पूर्वी बसस्थानक पंडरीत होते. दुकानदारांना थेट बाजारात जाता येई.’ असे लिहिले, तर दोन्ही विधाने राहतात, पण त्यांचा संबंध तुटतो. वाक्य तोडायला हरकत नाही. पुढचे वाक्य ‘त्यामुळे’ने सुरू करावे. ‘असला तरी’मधला विरोध दोन तुकड्यांत विस्कटत असेल, तर ते वाक्य अखंडच ठेवावे.

वाक्य तोडल्यावर सर्वनामेही तपासावीत. शेवटी नुसते ‘ते आता भाठागावला हलवले आहे’ असे लिहिले, तर मधल्या वाक्यात दुकानदार आणि बाजार येऊन गेल्याने वाचक अडखळतो. तिथे ‘बसस्थानक’ हा शब्द पुन्हा लिहिणे योग्य.

आता नवा परिच्छेद वाचा :

‘आमच्या रायपुरात पंडरी भागात कपड्यांचा मोठा बाजार आहे. तो प्रामुख्याने घाऊक व्यापाराचा असला, तरी लोक किरकोळ खरेदीलाही येतात. पूर्वी शहराचे बसस्थानक पंडरीतच होते. त्यामुळे बाहेरगावच्या दुकानदारांना बसमधून उतरून थेट बाजारात जाता येई. आता ते बसस्थानक भाठागावला हलवले आहे.’

शब्द 38, वाक्ये पाच आणि सातही गोष्टी जागेवर.

गैरसमज : शब्द कमी झाले की परिच्छेद सुधारला.

वस्तुस्थिती : शब्दसंख्येवरून काय गळले ते कळत नाही, आणि काय नव्याने घुसले तेही कळत नाही. ‘हलवले आहे’ऐवजी ‘महापालिकेने हलवले’ असे लिहिले, तर वाक्य नेमके वाटते. पण मूळ परिच्छेदात कर्ता सांगितलेलाच नाही. ‘जाता येई’ऐवजी ‘जाता येते’ लिहिले, तर एका अक्षराने काळ बदलतो आणि जुनी सोय आजची ठरते.

म्हणून तपासणी दोन्ही बाजूंनी करावी. आधी यादीतली प्रत्येक गोष्ट नव्या मजकुरात शोधावी. मग नव्या मजकुरातले प्रत्येक विधान यादीत आहे का, ते पाहावे. यातली पहिली फेरी शक्यतो शेजारच्या मुलाकडून करून घ्यावी, कारण लिहिणाऱ्याला माहिती आधीच ठाऊक असल्याने गळलेला शब्दही तो मनातल्या मनात भरून वाचतो. एखादी गोष्ट सापडली नाही, तर ती परत घालावी, मग शब्द 38 चे 42 झाले तरी चालतील.