दोन दिवे, एक कपॅसिटर

ताथवड्यातल्या उंच सोसायट्यांमध्ये पाणी वर चढवायला थ्री फेज पंप लागतो. समजा, खोदाईत अशा पंपाची केबल तुटली आणि जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली. मोटर उलटी फिरते, आवाज नेहमीसारखाच वाटू शकतो. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी पुढेच ढकलतो, म्हणून चूक लगेच उमगत नाही. टाकी भरायला मात्र तासन्‌तास लागतात. मल्टिमीटर प्रत्येक जोडीत ४०० व्होल्ट दाखवतो. फेज कोणत्या क्रमाने येतात, हे त्याला कळत नाही.

ते कळायला एक कपॅसिटर आणि दोन सारखे फिलामेंटचे दिवे पुरतात. तिघांचं एकेक टोक एकत्र जोडायचं आणि तो जोड मोकळा ठेवायचा. उरलेली टोकं तीन फेजना: कपॅसिटर लाल फेजला, दिवे पिवळ्या आणि निळ्याला. पिवळ्यावरचा दिवा प्रखर असेल तर क्रम लाल-पिवळा-निळा. निळ्यावरचा प्रखर असेल तर उलटा. कपॅसिटरच्या फेजमागून जो फेज येतो, त्याचाच दिवा प्रखर.

कारण असं, की तीन सारखे दिवे असते तर मधला जोड शून्य व्होल्टवर राहिला असता. कपॅसिटरमधला करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो, त्यामुळे समतोल बिघडतो आणि जोडाचं व्होल्टेज कपॅसिटरच्या आधी येणाऱ्या फेजकडे सरकतं. त्या फेजच्या दिव्याला व्होल्टेज कमी उरतं, दुसऱ्याला जास्त मिळतं. कपॅसिटरचा अडथळा दिव्याच्या रेझिस्टन्सइतका धरला, तर फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या पुरवठ्यात एकीकडे सुमारे ३४४ आणि दुसरीकडे अवघे ९२ व्होल्ट येतात. फिलामेंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे हलतात, कौल बदलत नाही.

३४४ व्होल्टवर एकटा बल्ब टिकणार नाही. म्हणून प्रत्येक बाजूला १५ वॅटचे दोन बल्ब सीरिजमध्ये घ्यावेत. त्यांना ०.४७ मायक्रोफॅरडचा, निदान ४४० व्होल्ट एसीचा कपॅसिटर जुळतो. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, कारण त्यातला ड्रायव्हर कमी-जास्त व्होल्टेजवरही उजेड बहुधा सारखाच ठेवतो. मधला जोड न्यूट्रलला लागला तर दोन्ही बाजू सारख्याच पेटतात.

खरा धोका वेगळाच आहे. दिव्याचा एखादा फेज गेलेला असेल, तर तो दिवा विझतो आणि दुसरा प्रखर दिसतो. पाहणाऱ्याला क्रम मिळाल्यासारखं वाटतं. सीरिजमधले मंद बल्ब तसेही जेमतेम लालसर दिसतात. म्हणून आधी मल्टिमीटरने तिन्ही फेज तपासावेत, मगच दिव्यांवर विश्वास ठेवावा.

क्रम बरोबर आला म्हणून मोटर सुलट फिरेलच असं नाही. ते तिच्या टर्मिनलवरच्या जोडणीवरही अवलंबून असतं. त्यामुळे पंप नीट चालू असतानाच क्रम पाहून पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा. केबल जोडल्यावर तो पुन्हा पाहा आणि उलटला असेल, तर पुरवठा बंद करून कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल करून घ्या.