डाळ बंद करण्याआधी

आमच्या घरी शुक्रवारी दालचा-चावल ठरलेला. एका शुक्रवारी त्यासोबत हरभरा डाळ घातलेली कोबीची भाजी होती, वर शेवयांची खीर. असरच्या सुमारास अब्बांचे पोट ढोलासारखे ताठ झाले आणि आमच्या धाकट्याला शिकवणीतून परत यावे लागले. दुसऱ्या दिवशी अब्बांनी जाहीर केले, "यापुढे मला डाळ नको." डॉक्टरांनी त्यांचे गोश्त आधीच कमी केलेले. डाळही गेली, तर अंगाला लागेल असे ताटात उरणार काय? म्हणून डाळ बंद करण्याआधी आम्ही आमची रीत तपासून पाहिली.

डाळी-कडधान्यांत काही अशा साखरा असतात की त्या फोडणारा पाचकरसच माणसाच्या लहान आतड्यात नसतो. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. कोबी, फुलकोबीतही याच जातीच्या साखरा थोड्या असतात, शिवाय गंधकाचे पदार्थ असतात, त्याने वायूला वास येतो. म्हणजे त्या शुक्रवारी दालच्यात हरभरा डाळ, भाजीत पुन्हा तीच डाळ, सोबत कोबी, आणि दूध ज्यांना नीट पचत नाही त्यांच्यासाठी वर खीर. चूक एका पदार्थाची नव्हती, सगळे एका ताटात आले होते.

या साखरा पाण्यात विरघळतात, ही आपल्या सोयीची गोष्ट. पण मग भिजवलेले पाणी फेकून द्यायला हवे. आम्ही वर्षानुवर्षे डाळ अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात कुकरला लावत होतो, म्हणजे काढलेले पुन्हा पोटात घालत होतो! आता पाच माणसांच्या दालच्याला एक वाटी हरभरा डाळ रात्री चार वाट्या पाण्यात भिजत घालतो. सकाळी ते पाणी ओततो, डाळ दोनदा धुतो आणि ताज्या पाण्यात हळद, आल्याचा तुकडा घालून शिजवतो. भिजलेला दाणा नखाने तोडून पाहावा. मध्ये पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ हवा. उन्हाळ्यात पाण्यावर बुडबुडे येऊन आंबूस वास सुटतो, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदलावे किंवा भांडे फ्रिजमध्ये ठेवावे.

रात्री विसर पडला तर डाळ भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळून उकळावी, झाकण ठेवून तासभर तशीच राहू द्यावी आणि ते पाणी फेकावे. साखरा सगळ्याच निघत नाहीत, पण फरक पोटाला कळतो. कुकरमध्ये डाळ बोटांत सहज चिरडेल इतकी मऊ व्हायला हवी, कारण अर्धकच्ची डाळ जास्त छळते. चिमूटभर सोडा घातला तर ती लवकर मऊ होते खरी, पण त्याने ब जीवनसत्त्व जाते आणि चवही साबणासारखी लागते. आम्ही तो वापरत नाही.

कोबीचे पान जाडसर चिरून मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटे ठेवतो आणि पाणी गाळून टाकतो. थोडे क जीवनसत्त्व त्यासोबत जाते, ते लिंबू पिळून भरून काढायचे. मग फोडणी: गरम तेलात जिरे तडतडले की हिंग, पाव चमचा ओवा, किसलेले आले. हिंग गरम तेलातच फुलतो, वरून भुरभुरला तर कच्चट लागतो. मसाल्यांनी पोट हलके वाटते हा आमचा अनुभव आहे, पण न भिजवलेल्या डाळीचे काम हिंग करणार नाही. या भाजीत आता हरभरा डाळीऐवजी भिजवलेली मूग डाळ घालतो. ती जास्त हलकी. फुलकोबी-गोश्त असेल त्या दिवशी डाळ नाही, दालचा असेल त्या दिवशी भाजी दुधीची. कांदा-लसूणही वायू वाढवतात, म्हणून अब्बांच्या वाटणीच्या डाळीत ते कमी. सोबत भात, कारण चपातीपेक्षा भाताने वायू कमी होतो. खीर दुसऱ्या दिवशी.

अब्बांची सुरुवात दोन चमचे मूग डाळीने केली. आठवड्याला थोडे थोडे वाढवत नेले, कारण बंद केलेले एकदम सुरू केले की पोट पुन्हा बिघडते. महिन्याभराने त्यांनी अर्धी वाटी दालचा घेतला आणि "दुधी जरा कच्चा राहिलाय," म्हणाले. आम्हाला हायसे वाटले!

पोट फुगण्यासोबत वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, उलट्या होत असतील किंवा रात्री दुखून झोप मोडत असेल, तर मात्र स्वयंपाकात हेरफेर करत बसू नये. डॉक्टरांकडे जावे.