एका ‘को’ची किंमत

मालाडमध्ये कोणी घरगुती बिस्किटांचा व्यवसाय काढायचा बेत केला, की नाव ठरतं आणि लगेच लोगो काढून घ्यायची घाई होते. त्याआधी उपनगरातल्याच एका जुन्या खटल्याची गोष्ट ऐकावी.

भांडुपची शांग्रिला ही बिस्किटांची कंपनी. शांग्रिला कंपनीने 1949 मध्ये बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ या नावाच्या नोंदणीचा अर्ज केला. ‘ग्लुकोविटा’ नावाने ग्लुकोजची पावडर विकणाऱ्या कंपनीने हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1959 मध्ये ‘ग्लुविटा’ला नोंदणी नाकारली गेली.

नावात ‘को’ नाही, माल वेगळा, तरीही असं का? यातलं नवल असं, की न्यायालयाने दोन शब्द शेजारी ठेवून अक्षरं मोजलीच नाहीत. गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा पहिलं नाव त्याच्यासमोर नसतं. असते फक्त पुसट आठवण. त्या आठवणीतून ‘को’ सहज गळतो. शिवाय बिस्किटांत ग्लुकोज पडतं, म्हणून दोन्ही माल एकाच घरचे वाटू शकतात.

आज हेच नाव तपासायचं झालं तर? ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा शोध मोफत आहे. तिथे माल-सेवांचे 45 वर्ग आहेत, बिस्किटं तिसाव्यात. नुसतं ‘GLUVITA’ हुबेहूब शोधलं, तर ‘GLUCOVITA’ निसटून जाईल. म्हणून ‘Start With’ निवडून ‘GLU’ टाकायचं, ‘Contains’ निवडून ‘VITA’, आणि ‘Phonetic’ शोधात उच्चाराने जवळची नावं बघायची. मग लागून असलेले वर्गही चाळायचे: तयार खाद्यपदार्थांसाठी एकोणतिसावा, उपाहारगृहासाठी त्रेचाळिसावा.

सापडलेली नावं मोठ्याने म्हणून पाहावीत आणि एखाद्याला ऐकवून दुसऱ्या दिवशी विचारावं. त्याची गल्लत झाली, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

एवढ्यावर थांबता येत नाही. शांग्रिलाने दाखवलं होतं, की नोंदवहीत ‘ग्लुको’ आणि ‘विटा’ असलेली कितीतरी नावं आहेत. न्यायालय म्हणालं, नोंद असणं म्हणजे बाजारात वापर असणं नव्हे. याची उलट बाजूही खरी आहे: नोंद नसलेलं नाव बाजारात रुजलेलं असू शकतं, आणि आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. म्हणून स्टेशनबाहेरची दुकानं, ऑनलाइन विक्रीची पानं, कंपन्यांची नोंदवही असं सगळीकडे पाहायचं. कंपनी म्हणून नाव मंजूर झालं, तरी त्याने ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

इतकं करूनही पूर्ण खात्री मिळत नाही. ‘ग्लुविटा’च्या बाबतीत नोंदणी कार्यालय आणि उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींचंही एकमत झालं नव्हतं. जिथे जाणकारांचीच मतं फुटतील, तिथे लोगोवर पैसे घालण्याआधी नाव बदलणंच स्वस्त पडतं.