गॅसचे अनुदान: पैसे भरले एका खात्यातून, जमा झाले दुसऱ्यात

सिलिंडर बुक करताना ग्राहक पूर्ण किंमत भरतो आणि अनुदान नंतर स्वतंत्रपणे बँक खात्यात येते. ‘पहल’ योजनेत ही पद्धत 1 जानेवारी 2015 पासून देशभर लागू झाली. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात अनुदान परत येईल, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. पैसे मुलाच्या यूपीआयवरून भरले किंवा डिलिव्हरी देणाऱ्याच्या हातात रोख ठेवले, तरी अनुदान जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच खात्यात जाते. भरलेली रक्कम परत येते ती फक्त बुकिंग फसले किंवा रद्द झाले तर. तो परतावा असतो आणि तो पैसे भरणाऱ्याच्या खात्यात येतो. पेमेंट ॲपवरचा कॅशबॅक तर ॲपचा असतो, सरकारचा नव्हे.

अनुदान प्रत्येकाला मिळते, हीही समजूत खरी नाही. मे 2020 नंतर बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण ग्राहकांच्या खात्यात अनुदान येणे थांबले. उज्ज्वला योजनेच्या लाभार्थींना ऑक्टोबर 2023 पासून 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 300 रुपये मिळू लागले. 2025-26 या आर्थिक वर्षात ही सवलत नऊ सिलिंडरांपर्यंत ठेवली गेली. त्यामुळे त्या वर्षातल्या दहाव्या सिलिंडरचे पैसे आले नाहीत म्हणून बँकेत तक्रार करून उपयोग नाही.

अनुदान जमा झाले का, याची पडताळणी बुकिंगच्या तारखेपासून सुरू केली की हिशेब चुकतो. अनुदानाची प्रक्रिया सिलिंडर पोहोचल्याची नोंद एजन्सीच्या संगणकात झाल्यावर सुरू होते आणि सामान्यतः काही दिवसांत रक्कम जमा होते. म्हणून हाताशी हवी ती गॅसची पावती, म्हणजे कॅश मेमो. त्यावरची किंमत आणि डिलिव्हरीची तारीख पाहावी आणि पासबुकात त्या तारखेनंतरच्या नोंदी शोधाव्यात. बँकेचा एसएमएस आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असे होत नाही. पासबुक छापून घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तरीही नोंद सापडली नाही, तर खाते तपासण्याची वेळ येते. इथेच सर्वाधिक लोक अडकतात. एजन्सीत पासबुकाची झेरॉक्स दिली की पैसे त्याच खात्यात येतात, असे बहुतेकांना वाटते. आधारवर आधारित हस्तांतरणात तसे होत नाही. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदवहीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव असते आणि पैसे त्या बँकेकडे जातात. एखादा आधार तीन बँकांत दिलेला असला, तरी अनुदानासाठी त्या नोंदवहीतली बँकच धरली जाते. नवे खाते उघडताना संमतीच्या रकान्यावर खूण केली, तर ही नोंद बदलू शकते. 2017 मध्ये मोबाइल सिमच्या आधार पडताळणीबरोबर अनेकांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांचे गॅस अनुदान नकळत तिकडे वळले होते.

असे समजा की उज्ज्वलाच्या एका लाभार्थी महिलेने 3 तारखेला बुकिंग केले, मुलाने यूपीआयने पैसे भरले आणि सिलिंडर 8 तारखेला घरी आला. महिनाअखेरीस तिच्या जनधन पासबुकात 300 रुपये दिसत नाहीत. एजन्सीच्या नोंदीत मात्र रक्कम ‘जमा’ आणि शेजारी दुसऱ्याच बँकेचे नाव आहे. ते खाते तिने शिष्यवृत्तीसाठी मुलीबरोबर उघडले होते. पैसे हरवलेले नाहीत, ते त्याच खात्यात आहेत आणि तिथून काढता येतात. पुढचे अनुदान जनधन खात्यात हवे असेल, तर तिने जनधन खात्याच्या बँकेत आधार संलग्नतेचा संमती अर्ज द्यायला हवा. आधी जमा झालेली रक्कम मात्र त्यामुळे आपोआप हलत नाही.

आपल्या आधारासमोर कोणती बँक आहे, हे UIDAI च्या myAadhaar संकेतस्थळावर Bank Seeding Status मध्ये दिसते. प्रत्येक सिलिंडरचे अनुदान कोणत्या बँकेत गेले, याची नोंद mylpg.in वर आपल्या गॅस कंपनीच्या खात्यात किंवा एजन्सीत मिळते. नोंद ‘जमा’ अशी असेल तर चौकशी तिथे दिसणाऱ्या बँकेत करावी. हस्तांतरण नाकारले गेले असेल, तर आधार संलग्नता किंवा बंद पडलेले खाते आधी तपासावे. आणि त्या सिलिंडरची कोणतीही नोंदच नसेल, तर कॅश मेमो घेऊन एजन्सीत जावे किंवा 1800-233-3555 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी.