"सगळंच दिसायला पाहिजे" म्हणजे नेमकं काय?

दूध संघांशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला पुढचा प्रसंग ओळखीचा वाटेल. संकलन अधिकारी साहेब आकड्यांचं काम करणाऱ्या तरुणीला केबिनमध्ये बोलावतात. "मॅडम, आपल्याला संकलनाचा एक डॅशबोर्ड पाहिजे. रोजचं दूध, फॅट, एसएनएफ, रूटप्रमाणे, संस्थेप्रमाणे. सगळं एका स्क्रीनवर, लाइव्ह." ती वहीत लिहून घेते आणि महिन्याभरात पंधरा आलेखांचा रंगीत पडदा तयार होतो. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात तो कोणी उघडतही नाही, आणि संध्याकाळच्या गाड्यांचं वेळापत्रक पूर्वीसारखंच फोनाफोनीवर ठरतं.

चूक संगणकाची नसते. डॅशबोर्ड मागणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याजवळ असलेल्या आकड्यांची यादी सांगतो. त्या आकड्यांकडे बघून काय ठरवायचं आहे, हे तो सांगत नाही, कारण तसं त्याला कोणी विचारलेलंच नसतं. "तुम्हाला काय बघायचंय?" असं विचारलं की यादीच मिळणार. म्हणून या कामातली मुरलेली माणसं पहिला प्रश्न भूतकाळातला टाकतात: "असा निर्णय तुम्ही शेवटचा कधी घेतला होता? त्या दिवशी काय घडलं, आणि समोर कोणता कागद होता?"

आपल्या तरुणीने हा प्रश्न विचारला असता तर साहेब क्षणभर थांबून गेल्या एप्रिलची गोष्ट सांगते झाले असते. एका रूटवरचं संध्याकाळचं दूध लागोपाठ तीन दिवस डॉकवर आंबट निघालं. उकळून बघण्याच्या चाचणीतच ते फाटलं. मग त्या रूटवर एक छोटी गाडी जादा लावली. हा निर्णय चौथ्या दिवशी झाला, आणि तोवर कॅनच्या कॅन परत गेले होते.

एवढ्या उत्तरातून मागणीचं रूपच बदलतं. साहेबांची खरी अडचण "रोज किती दूध आलं" ही नाही. कोणत्या रूटची गाडी कधी सोडायची, रूट कुठे तोडायचा आणि पुढचा बल्क कूलर कोणत्या गावात बसवायचा, हे त्यांना ठरवायचं आहे. गाईचं दूध आचळातून बाहेर पडतं तेव्हा साधारण 37 अंश सेल्सिअसचं असतं, आणि ते लवकरात लवकर 4 अंशांपर्यंत खाली आणावं लागतं. ताज्या दुधात जंतूंना थोपवण्याची स्वतःची थोडी ताकद असते, पण उन्हाळ्यात ती दोन-तीन तासांच्या पुढे फारशी टिकत नाही.

यानंतरचा प्रश्न विचारला जात नाही, आणि तिथेच बऱ्याच पडद्यांचं घोडं अडतं: हा निर्णय प्रत्यक्ष कोण घेतं, आणि किती वाजता? साहेब म्हणतात, "मीच." थोडं खोलात गेल्यावर कळतं की गाडी कोणत्या वाटेनं आणि कधी सोडायची हे रूट सुपरवायझर ठरवतो, तेही दुपारी चारच्या सुमारास, कारण संध्याकाळचं संकलन त्यानंतर सुरू होतं. त्याच्याकडे संगणक नाही, फोन आहे. म्हणजे "लाइव्ह" ही मागणी गळून पडते. काल संध्याकाळचा आणि आज सकाळचा हिशेब दुपारी चारच्या आधी फोनवर पोचला की झालं. लाइव्ह करण्यात जाणारा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

मग तरुणी सुपरवायझरकडे जाते. सोबत एक कागद असतो, त्यावर पेनानं काढलेला तक्ता आणि मनानेच टाकलेले खोटे आकडे. "दादा, समजा स्क्रीनवर असं दिसलं, रूट पाच, डॉकवरचं तापमान 29 अंश, तर तुम्ही काय कराल?" सुपरवायझर हसतो. "काही नाही करणार. कॅनचं दूध आहे, ते गरमच येणार. रोजच तसं येतं." तापमानाचा रकाना तिथेच खोडला जातो. ती दुसरा आकडा लिहिते: संस्थेत पहिलं माप पडलं 5.40 ला, गाडी डॉकवर लागली 10.10 ला, म्हणजे साडेचार तास. आता तो पुढे सरकतो. "हे दिसलं तर मोठ्या संस्थेचं दूध छोट्या गाडीनं आधी उचलीन. शेवटची दोन गावं बाकीच्या गाडीला राहतील." किती तासांवर असं कराल, असं विचारल्यावर तो सांगतो, "उन्हाळ्यात तीनच्या वर गेलं की. थंडीत चारपर्यंत चालतं."

आकडा, त्यावरची कृती आणि कृती कधी करायची याची मर्यादा, तिन्ही एका बैठकीत हाती आली, आणि त्यासाठी संगणकाला हातही लावावा लागला नाही. खोटे आकडे घालून विचारण्याचा हा डाव फार उपयोगी आहे. ज्या आकड्यावर "काही नाही करणार" असं उत्तर येतं, तो पडद्यावर हवाच कशाला?

शब्दांच्या अर्थाची चौकशीही याच वेळी व्हायला हवी. "संकलन" हा साधा शब्द घ्या. गावच्या संस्थेत दूध बहुधा लिटरमध्ये मोजलं जातं, आणि संघाच्या डॉकवर किलोमध्ये. गाईच्या दुधाचं एक लिटर भरतं साधारण 1.03 किलो. समजा संस्थांच्या नोंदीत 10,000 लिटर आहे आणि काट्यावर 10,050 किलो भरलं. दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटतं, पन्नासची वाढच झाली. प्रत्यक्षात 10,300 किलो यायला हवं होतं, म्हणजे सुमारे अडीचशे किलो वाटेत कमी पडलं आहे. पडदा दिसायला देखणा असेल, पण तो संघाला उलटीच बातमी देईल. "तुमच्या मते हा आकडा कुठे, कोण, कशानं मोजतं?" एवढं विचारलं की ही गोम सापडते.

तुलनेचाही प्रश्न आहे. मे महिन्यातलं संकलन जानेवारीशी ताडून लाल बाण दाखवला, तर तो बाण रोजच लाल राहणार. एक पुष्ट काळ, दुसरा कृश काळ. गेल्या वर्षीचा तोच आठवडा शेजारी ठेवला तर त्या लाल रंगाला काही अर्थ येतो.

आणखी एक प्रश्न जरा अवघड आहे, पण तोही विचारावाच लागतो: हा आकडा चांगला दिसावा असं कोणाला वाटेल? तासांच्या रकान्यावरून गाडीवाल्याचं भाडं कापायचं ठरलं, तर वेळेच्या नोंदी आपोआप सुधारतील, दूध मात्र तसंच आंबट येत राहील. म्हणून सुरुवातीची वेळ गाडीवाल्याच्या वहीतून घेऊ नये. संस्थेतलं यंत्र शेतकऱ्याला जी स्लिप देतं, तिच्यावरची पहिली वेळ घ्यावी. तीही पूर्ण खरी नसते, कारण धार काढून शेतकरी संस्थेपर्यंत येतो तो अर्धा-पाऊण तास कुठेच नोंदला जात नाही. ही त्रुटी आधीच बोलून ठेवली, तर तीन तासांची मर्यादा अडीचवर आणायची का, यावर सुपरवायझरशी बोलता येतं.

राहिला अध्यक्षांच्या दालनातला मोठा टीव्ही. पाहुणे आले की संघाचा पसारा दिसावा, ही इच्छाही गैर नाही. त्यासाठी संकलनाचा एक ठळक आलेख पुरे, आणि तो रोज तपासत बसायची गरज नाही. फक्त तो टीव्ही आणि सुपरवायझरच्या फोनवरचा तक्ता ही एकच गोष्ट समजू नये. फोनवरच्या तक्त्यात रूट, कालचे तास, आजचे तास आणि परत गेलेले कॅन असे चारच रकाने असतात, आणि तीन तासांच्या वरचा रूट सगळ्यात वर येतो.