बाळंतपणानंतर पुन्हा धावताना



आपल्या गावांतल्या मुली आता पोलीस भरतीसाठी धावतात. लग्नानंतर, मूल झाल्यावरही त्यांना मैदानावर परतायचे असते. अडचण एवढीच की बाळंतपणानंतर अंग वरून लवकर भरलेले दिसते, आतले भरायला मात्र वेळ लागतो. ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय व गर्भाशय तोलून धरणारे स्नायू असतात. ते नऊ महिने ताणलेले असतात आणि धावताना प्रत्येक पावलाचा हादरा त्यांच्यावरच येतो. म्हणून साध्या बाळंतपणानंतरही बारा आठवड्यांच्या आत पळायला लागू नये. सिझर झाले असेल, टाके जास्त असतील, तर डॉक्टर सांगतील तेवढे आणखी थांबावे.

पण थांबणे म्हणजे बसून राहणे नव्हे. बरे वाटू लागले की घरापुढे पाच-दहा मिनिटे चालावे व हळूहळू वाढवावे. त्याच वेळी, लघवी अडवताना जसे आत खेचतो, तसे ते स्नायू आवळून पाच सेकंद धरावेत, मग पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. सहा आठवड्यांच्या तपासणीत रक्तही तपासून घ्यावे. पंडुरोग असेल तर दम तिथेच संपतो.

बारा आठवड्यांनी आधी परीक्षा घ्यावी. अर्धा तास भरभर चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, जागच्या जागी मिनिटभर धावणे, एकेका पायावर दहा उड्या. यांत लघवीचा थेंब सुटला, खाली जडपणा वाटला किंवा दुखले, तर अजून वेळ आहे.

आमच्या गटातील एका सभासदाच्या सुनेने असेच केले. परीक्षेत पास झाल्यावर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. बाळाला पाजूनच ती बाहेर पडायची. दुसऱ्या आठवड्यात तिने धावण्याची मिनिटे आणि वेग दोन्ही एकदम वाढवले. लगेच लघवी सुटू लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतपणानंतर हे चालायचंच." हे बरोबर नाही. असे पुष्कळ जणींना होते, पण त्यावर उपाय आहे. नर्सबाईंच्या सल्ल्याने ती दोन आठवडे चालणे आणि आवळण्याच्या व्यायामावर परतली. नंतर एका वेळी एकच गोष्ट वाढवली, आधी मिनिटे, वेग शेवटी. पाचव्या महिन्यात आठशे मीटर ती न थांबता, काही त्रास न होता धावली. वेळ लावून धावणे तिने त्यानंतर सुरू केले.

त्रास धावतानाच होतो असे नाही, दुसऱ्या दिवशीही जाणवतो. म्हणून वाढवण्याआधी एक दिवस जाऊ द्यावा. दोन आठवडे मागे येऊनही लघवी सुटत राहिली किंवा खाली काही उतरल्यासारखे वाटले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. लाल रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तर मात्र धावणे बंद करून त्याच दिवशी जावे.